१०० टनांचं बटाट्याचं कोल्ड स्टोरेज: आठ महिन्यांची वीजबिलं समोर ठेवून

मंचरजवळ आमच्या शेतावर पफ पॅनलची एक खोली बांधली. ३३ बाय २५ फूट, उंची १५, पॅनल १०० मिलिमीटरचं. ५० किलोच्या २,००० पिशव्या बसतात, म्हणजे १,००० क्विंटल. फेब्रुवारीत भरली, ऑक्टोबरमध्ये रिकामी झाली. माल सगळा बियाण्याचा बटाटा, तापमान ४ अंश.

मशीन १२ किलोवॅट थंडावा देणारं आहे. देणाऱ्याने सांगितलं होतं की दिवसाला १०० पिशव्यांच्या वर भरू नका. मला ते उगाच वाटलं. काढणी जोरात, मजूर हाताशी, म्हणून पहिले तीन दिवस ३०० पिशव्या रोज आत टाकल्या. काटा १४ अंशांवर जाऊन बसला आणि पाच-सहा दिवस हलेना. मग वही काढून हिशेब केला. एक किलो बटाटा एक अंशाने थंड करायला ३.६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. शेतातून आलेला माल २८ अंशांचा, न्यायचा ४ वर. ३०० पिशव्या म्हणजे १५ टन, म्हणजे चोवीस तास सलग १५ किलोवॅटचं काम, आणि मशीन १२ चं! १०० पिशव्यांना हेच काम ५ किलोवॅटचं होतं. भिंती, पंखे सांभाळून मशीनला तेवढंच झेपतं. पुढच्या पिशव्या मी शहाण्यासारख्या भरल्या.

भरणीच्या त्या महिन्यात साधारण ३,५०० युनिटं गेली. सगळे आकार धरून मला युनिट साडेसात रुपयांना पडतं, म्हणजे क्विंटलला २६ रुपये.

माल एकदा ४ अंशांवर आला की मशीनपुढे तुलनेने थोडं काम उरतं. भिंती, छप्पर आणि जमिनीतून येणारी उष्णता साधारण २ किलोवॅट. बटाटा जिवंत असतो, श्वास घेतो. १०० टनांची ती ऊब पावणेदोन किलोवॅटच्या आसपास. दार, दिवे, हमाल मिळून पाऊण. आणि आतले दोन पंखे, अर्धा-अर्धा किलोवॅटचे. बेरीज साडेपाच. आमचं मशीन एक युनिट वीज खाऊन अडीच युनिट उष्णता बाहेर टाकतं, म्हणून कॉम्प्रेसरला सरासरी सव्वादोन किलोवॅट लागतात, वर पंख्यांचा एक. दिवसाला ७५ ते ८० युनिटं, महिन्याला २,३०० च्या आसपास. क्विंटलला १७ रुपये.

खरा धक्का जूनमध्ये बसला. सातगाव पठारावरच्या खरीप लागवडीसाठी निम्मा माल निघाला. मला वाटलं, बिलही निम्मं येईल. आलं १,९५० युनिटांचं. क्विंटलला २९ रुपये! बटाट्याची ऊब तेवढी निम्मी झाली. भिंतींना आत किती माल आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. पावसाळी हवेने थोडा हात दिला, एवढंच. भाडेकरूंना पिशवीमागे सरसकट दर लावला होता, तो जूनपासून अंगावर आला. आता पुढच्या वर्षी दर जागेवर लावणार, पिशवीवर नाही.

मग एक पंखा बंद केला. अर्ध्या किलोवॅटचा पंखा नुसती तेवढीच वीज खात नाही. त्याची सगळी वीज खोलीत उष्णता होऊन उतरते आणि ती काढायला कॉम्प्रेसर आणखी ०.२ खातो. दोन्ही मिळून महिन्याला ५०० युनिटं, पावणेचार हजार रुपये वाचले. मात्र त्यासाठी उरलेल्या थप्प्या चालू पंख्याच्या वाऱ्यात आणून लावाव्या लागल्या, आणि रोज सकाळी दार उघडून हवा बदलावी लागते. कोंडलेल्या हवेत बटाट्याचं काळीज काळं पडतं, आणि ते कापल्याशिवाय कळत नाही.

ऑगस्टची एक गोष्ट. मी रोज सात वाजता मीटर लिहितो. ५० च्या आसपास असलेला आकडा चार दिवसांत ७० वर गेला, तापमान मात्र ठीकच दिसत होतं. आत गेलो तर पंख्याचा वारा समोरच्या थप्पीपर्यंत पोचत नव्हता, कॉइलवर बोटभर बर्फ. दाराच्या प्लास्टिकच्या पट्ट्या फाटलेल्या; दमट हवा आत येऊन कॉइलवर गोठत होती. मशीन बंद ठेवून बर्फ वितळवला, पट्ट्या बदलल्या, तिसऱ्या दिवशी आकडा जागेवर. तापमानाच्या काट्यावर विसंबलो असतो तर महिनाअखेरीच्या बिलातच कळलं असतं.

शेजारचे आबा विचारत होते, रिकाम्या अर्ध्या भागात कांदा ठेवू का? नाही म्हटलं. बटाट्याला नव्वदच्या वर आर्द्रता लागते, कांद्याला पासष्ट-सत्तर. आमच्या खोलीत त्यांचा कांदा मुळं सोडेल. चाळच बरी त्याला.

वीज जोडणी घेताना कोल्ड स्टोरेजसाठीचा 'कृषी-इतर' दरगट मागून घ्या. व्यापारी दराने हा हिशेब कुठल्याच महिन्यात बसत नाही.