रॅगलन, किमोनो की डॉल्मन: रोजच्या कुर्तीसाठी बाही निवडताना

मुंबईत रोज लोकलने जाणाऱ्या बाईच्या कुर्तीची खरी परीक्षा डब्यातल्या वरच्या हँडलला हात घातल्यावर होते. त्या क्षणी कुर्तीचा घेर किती वर सरकतो आणि काखेत किती ओढ बसते, यावरून बाहीचे कटिंग बरोबर झाले की नाही ते कळते. रॅगलन, किमोनो आणि डॉल्मन या तिन्ही बाह्यांमध्ये नेहमीसारखा खांद्याच्या टोकावरून जाणारा गोल मुंढा नसतो, त्यामुळे तिन्ही सारख्याच मोकळ्या असतील असे वाटते. प्रत्यक्षात हात उचलण्याची मुभा कापड किती सैल आहे यावर फारशी अवलंबून नसते. कमरेपासून काखेपर्यंत आणि काखेपासून कोपरापर्यंत जाणारी खालची रेषा किती लांब आहे, यावर ती ठरते. हात वर गेला की अंगाची ती बाजू लांबते, आणि कापडाची रेषा आखूड असेल तर ते उरलेली लांबी घेरातून ओढून घेते.

रॅगलन बाही नेहमीच्या पॅटर्नवरूनच निघते. ३६ इंच छातीच्या कुर्तीचा पुढचा भाग समोर ठेवला, तर खांद्याच्या शिलाईपासून गळ्याच्या गोलाईवर साधारण एक इंच खाली खूण करावी, पाठीवर पाऊण इंच पुरते. त्या खुणेपासून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत किंचित फुगीर रेषा आखली की तिच्या वरचा खांद्याचा तुकडा कापून बाहीच्या वरच्या गोलाईला जोडायचा असतो. पुढचा व मागचा असे दोन तुकडे जोडल्यावर खांद्यावर मध्ये जी फट उरते, तिथे डार्ट येतो आणि तो खांद्याचे टोक ओलांडून दोन-अडीच इंचांवर विरतो. न ताणणाऱ्या कापडात हा डार्ट टाळला तर खांद्यावर कापडाचा उंचवटा उभा राहतो. होजिअरीच्या टी-शर्टात मात्र कापड स्वतःच वळते, म्हणून तिथे डार्टशिवाय निभावते. यात मुंढ्याचा खालचा अर्धगोल जागच्या जागी राहतो, त्यामुळे काखेखालची रेषा पुरेशी लांब मिळते. अनेक शिंपी ‘रॅगलन म्हणजे सैल’ असे धरून मुंढा दीड-दोन इंच खाली उतरवतात आणि तिथेच हाताची मुभा गमावतात. मुंढा उंच ठेवून बाहीची गोलाई अर्धा इंच कमी केली आणि दंडाला तेवढी रुंदी दिली, तर हात अधिक सहज उठतो.

कापडाच्या बाबतीत रॅगलन सर्वांत सोशिक आहे. कॅम्ब्रिक, खादी, लिनन, हलके डेनिम, होजिअरी यांपैकी काहीही चालते आणि तुकडे लहान असल्याने ४४ इंची पन्ह्यात ते नीट बसतात. अडचण दोनच ठिकाणी येते. गळ्यापासून काखेपर्यंतची शिलाई तिरकी असल्याने क्रेपसारख्या निसरड्या कापडात ती शिवताना लांबते, म्हणून तिच्यावर आधी अरुंद पट्टी धरून टीप मारावी. दुसरी अडचण पट्ट्यांच्या कापडाची: छातीवरचे पट्टे बाहीवरच्या पट्ट्यांना कोनात भिडतात, आणि ते पुढे-मागे जुळले नाहीत तर चूक पहिल्या नजरेत दिसते.

किमोनो बाहीत अंग आणि बाही एकाच तुकड्यात कापतात. खांद्याच्या टोकाशी अर्धा इंच उचल देऊन तीच रेषा पुढे बाहीपर्यंत न्यायची आणि काखेत बाजूची शिलाई गोलाईने बाहीच्या खालच्या कडेला मिळवायची, एवढेच तिचे ड्राफ्टिंग दिसते. तरीही तिन्हींत सर्वांत अधिक विचार हिलाच लागतो. बाही आडवी, म्हणजे हात पसरल्यासारखी आखली तर हात सहज उठतो, पण खाली सोडल्यावर काखेत घड्यांचा ढीग जमतो. बाही खाली उतरती आखली तर उभे राहिल्यावर अंगावर छान बसते आणि हँडलला हात लावताच संपूर्ण कुर्ती वर येते. या दोन्हींतून सुटण्याचा मार्ग म्हणजे गसेट, काखेत बसवायचा शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा. काखेच्या कोपऱ्यातून खांद्याच्या दिशेने पुढच्या व मागच्या भागावर साडेतीन इंचांची चीर द्यायची आणि तेवढ्याच बाजूंचा तुकडा तिथे शिवायचा. त्याने खालची रेषा लांबते आणि हात खाली असताना तो तुकडा काखेत दडून राहतो.

गसेट बिघडतो तो चिरेच्या टोकाशी. तिथे शिलाईचे मार्जिन जवळजवळ शून्यावर येते, आणि काही धुण्यांनंतर तिथूनच धागे सुटू लागतात. घामट हवेत रोज धुतल्या जाणाऱ्या कपड्यात हे लवकर घडते. चीर देण्यापूर्वी उलट बाजूने पातळ फ्यूजिंगचा किंवा मलमलीचा छोटा चौकोन लावून घ्यावा आणि टोकाशी आडवा एकच टाका घेऊन मग वळावे, म्हणजे कोपरा टिकतो. शिंप्याला हे वेळखाऊ वाटते आणि तो टाळाटाळ करतो, हेही गृहीत धरावे.

तरी एका कामासाठी मी किमोनोच निवडेन: जुन्या सुती साडीचा टॉप. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. अंगाचा मध्य पन्ह्याच्या मध्यावर ठेवून साडीच्या लांबीत टॉपची उंची घेतली, तर मध्यापासून दोन्हीकडे साडेबावीस इंच मिळतात आणि दोन्ही काठ कोपराजवळ, नेमके बाहीच्या तोंडाशी येतात. काठ सरळ राहावा म्हणून इथे बाही आडवीच आखावी लागते, म्हणून घड्या पत्कराव्या लागतात. धुऊन मऊ झालेल्या साडीत त्या मुकाट खाली पडतात. नव्या ऑर्गंडीत किंवा जरीने भरलेल्या ब्रोकेडमध्ये मात्र काखेत फुगे येतात. मलमल, रेयॉन, मऊ हातमाग ही किमोनोची हक्काची कापडे.

डॉल्मनही अंगासोबतच कापतात, पण तिची काख कमरेच्या आसपास उतरते आणि मनगटाकडे बाही निमुळती होत जाते. कमरेपासून मनगटापर्यंतची रेषा जवळच्या वाटेने जात असल्याने ती तिन्हींत सर्वांत आखूड असते; भरपूर कापड असूनही हात वर केल्यावर घेर सर्वाधिक उचलला जातो. नितंबांवर घट्ट बसणाऱ्या कुर्तीत हे फार जाचते, आखूड सुटसुटीत टॉपमध्ये खपून जाते. पूर्ण बाहीसाठी मध्यापासून मनगटापर्यंत अठ्ठावीस-तीस इंच लागतात, म्हणून ४४ इंची कापड मध्यावर दुमडून ती निघतच नाही. एक तर ५८ इंची पन्हा घ्यावा लागतो, नाही तर मध्ये किंवा बाहीवर जोड द्यावा लागतो. मंगलदास मार्केटमध्ये कापड घेताना पन्हा विचारूनच डॉल्मनचा विचार करावा. व्हिस्कोस जर्सी, मऊ जॉर्जेट, लायक्रा मिसळलेले निट यांतच ती शोभते. पावसाळ्यात तिच्यावर रेनकोट चढवताना काखेतले सारे कापड गोळा होते, हा त्रास वेगळाच.

ऑफिसला जाण्याची सुती कुर्ती असेल तर माझी पसंती उंच मुंढ्याच्या रॅगलनला आहे. शिंप्याकडे कच्च्या टाक्यांची ट्रायल मागावी, हात खाली असताना कुर्तीचा काठ मांडीवर जिथे येतो तिथे टाचणी लावावी आणि हात हँडलच्या उंचीला न्यावा. काठ टाचणीपासून दीड-दोन इंच उचलला गेला तर ठीक. चार-पाच इंच उचलला गेला तर काखेची गोलाई वर घ्यायला किंवा गसेट घालायला सांगावे, कारण पक्की शिलाई झाल्यावर कापलेला मुंढा वर नेता येत नाही.