एकच अल्डिहाइड, दोन इलाइड: ‘झेड’ अल्कीन हवे की ‘ई’?

विटिग अभिक्रियेवर असाइनमेंट लिहायची असेल तर पहिला निर्णय उदाहरणाचा असतो. माझा सल्ला असा, की अल्डिहाइड एकच ठेवा आणि इलाइड बदला. बेंझाल्डिहाइड घ्या. त्याच्यासमोर एकदा Ph₃P=CHCH₃ ठेवा आणि एकदा Ph₃P=CHCO₂Et. दोन्ही वेळा C=O च्या जागी C=C येतो, पण पहिल्यात मुख्यतः ‘झेड’ अल्कीन मिळते आणि दुसऱ्यात जवळजवळ सगळे ‘ई’. असे का होते, हेच या असाइनमेंटचे खरे उत्तर आहे.

इलाइडमध्ये धनभारित फॉस्फरसच्या शेजारी ऋणभारित कार्बन असतो. Ph₃P=CHCH₃ मध्ये हा ऋणभार वाटून घ्यायला शेजारी कुणी नाही, म्हणून हे अस्थिर इलाइड. एथिल ट्रायफेनिल फॉस्फोनियम ब्रोमाइडवर NaHMDS सारखा तीव्र बेस वापरून ते कोरड्या टीएचएफमध्ये बनवतात आणि लगेच वापरतात, कारण पाणी व हवा दोन्ही त्याला चालत नाहीत. Ph₃P=CHCO₂Et मध्ये मात्र एस्टर गट ऋणभार स्वतःकडे ओढतो. हे स्थिर इलाइड पांढरे घन असते, बाटलीत टिकते आणि खोलीच्या तापमानाला अल्डिहाइडमध्ये मिसळले तरी काम होते. सोयीसाठी निवडायचे तर दुसरेच निवडावे. पण सोयीवर भूमिती ठरत नाही.

दोघांचीही वाट एकाच टप्प्यातून जाते. इलाइडचा कार्बन अल्डिहाइडच्या कार्बनला आणि ऑक्सिजन फॉस्फरसला जोडला जाऊन चार अणूंचे वलय बनते, त्याला ऑक्साफॉस्फेटेन म्हणतात. मग हे वलय उघडते, ऑक्सिजन फॉस्फरसबरोबर Ph₃P=O म्हणून निघून जातो आणि अल्कीन उरते. फॉस्फरस-ऑक्सिजन बंध अतिशय मजबूत असल्यामुळे अभिक्रिया या दिशेने ओढली जाते. वलय उघडताना गटांची बाजू बदलत नाही: सिस वलयातून ‘झेड’, ट्रान्स वलयातून ‘ई’. म्हणजे भूमितीचा फैसला वलय उघडताना होत नाही, तो वलय बनतानाच झालेला असतो. ही ओळ उत्तरात ठळकपणे यायलाच हवी.

अस्थिर इलाइड फार क्रियाशील असते, त्यामुळे त्याची संक्रमण अवस्था लवकर येते. नवे बंध अजून लांब असतात, फॉस्फरसभोवतीची रचना चतुष्फलकीच असते आणि बनू पाहणारे वलय दुमडलेले असते. अशा दुमडलेल्या रचनेत बेंझाल्डिहाइडचा फेनिल गट फॉस्फरसवरच्या तीन फेनिल गटांची गर्दी टाळतो आणि त्या प्रयत्नात इलाइडच्या मिथिल गटाच्या बाजूला येतो. वलय सिस बनते. ते ज्या अल्कीनकडे जाते ते कमी स्थिर आहे, तरी वेगाच्या शर्यतीत तेच जिंकते.

स्थिर इलाइड सावकाश अभिक्रिया करते आणि त्याची संक्रमण अवस्था उशिरा येते, म्हणून वलय बरेच सपाट असते. शिवाय एस्टरचा द्विध्रुव आणि अल्डिहाइडच्या C=O चा द्विध्रुव एकमेकांच्या विरुद्ध दिशांना राहू पाहतात. या मांडणीत ट्रान्स वलय सोयीचे पडते आणि एथिल सिनामेटचे ‘ई’ रूप मिळते.

जुन्या स्पष्टीकरणांत आधी बीटेन काढतात आणि ‘ई’ निवडीचे श्रेय उलटसुलट होणाऱ्या समतोलाला देतात. लिथियम क्षार नसतील तर ही मांडणी मी काढणार नाही. अस्थिर इलाइडच्या थंड मिश्रणात ³¹P एनएमआरने ऑक्साफॉस्फेटेन प्रत्यक्ष दिसते, बीटेन दिसत नाही. लिथियम मात्र खरोखर अडथळा आणतो: ब्यूटिललिथियमने इलाइड बनवले की लिथियम क्षार मिश्रणात राहतो आणि ‘झेड’ निवड घसरते. म्हणून ‘झेड’ हवे असेल तेव्हा सोडियम किंवा पोटॅशियमचा बेस लिहा.

काय मिळाले ते प्रोटॉन एनएमआरमध्ये कळते. दुहेरी बंधावरच्या दोन हायड्रोजनांमधला युग्मन स्थिरांक ‘ई’ सिनामेटमध्ये सुमारे १६ हर्ट्झ असतो, ‘झेड’ मध्ये १२–१३. दोन्ही जोड्या दिसल्या तर त्यांच्या क्षेत्रफळांवरून मिश्रणाचे प्रमाण काढता येते.

Ph₃P=CHPh हे इलाइड मात्र तुलनेसाठी घेऊ नका. ते स्थिर आणि अस्थिर यांच्या मध्ये पडते आणि बेंझाल्डिहाइडबरोबर स्टिल्बीनच्या दोन्ही रूपांचे मिश्रण देते. त्यातून नियम दाखवता येत नाही. तुमच्या प्रश्नात तेच दिले असेल, तर एकच भूमिती लिहून मोकळे होऊ नका, मिश्रण लिहा आणि त्याचे कारण द्या.