कोशीचं सूत्र की बांधलेला इलेक्ट्रॉन? प्रिझमच्या प्रॅक्टिकलसाठी काय घ्यावं

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रिझमचा अपवर्तनांक काढून झाला की पुढे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे कोशीचं सूत्र, n = A + B/λ². दुसरी म्हणजे काचेतला इलेक्ट्रॉन स्प्रिंगने बांधलेला आहे असं धरून निघणारं सूत्र:

n² − 1 = (Ne²/ε₀m) / (ω₀² − ω²)

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मी दोन्ही चालवून पाहिलेत. दुसरं अवघड वाटतं म्हणून बहुतेक जण कोशीकडे वळतात. त्यांचं फार चुकतं असंही नाही.

अवघडपणाचं म्हणाल तर तो दिसतो तेवढा नाही. कोशीसाठी 1/λ² विरुद्ध n काढता, तसं इथे 1/λ² विरुद्ध 1/(n²−1) काढा. तीही सरळ रेषाच येते. कॅल्क्युलेटरवर दोन बटणं जास्त दाबावी लागतात, एवढंच.

अचूकतेत तर कोशी थोडा सरसच. बीके-7 या क्राउन काचेचे छापील आकडे घ्या: हायड्रोजनच्या लाल रेषेला (656.3 नॅनोमीटर) 1.51432, निळ्या रेषेला (486.1) 1.52238. या दोन बिंदूंवरून दोन्ही सूत्रं बसवली आणि पाऱ्याच्या जांभळ्या रेषेला (404.7) काय येतं ते काढलं. खरा आकडा 1.53024. कोशी 1.5303 देतो, इलेक्ट्रॉन 1.5305. पण स्पेक्ट्रोमीटरवर किमान विचलन वाचताना एका मिनिटाची चूक झाली, तरी n मध्ये 0.0002 चा फरक पडतो. त्यात मधेच लाइट गेली, की पाऱ्याचा दिवा थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, आणि तोवर कुणाचा तरी कोपर प्रिझम टेबलाला लागलेला असतो. म्हणजे आपल्या टेबलावर या दोघांत निवाडा होणं कठीणच.

मला खटकलं ते वेगळंच. आलेख झाला की एखादं पोट्टं हमखास विचारतं, “सर, पण निळाच काऊन जास्त वाकते?” कोशी धरला तर उत्तर एकच: B धन आहे म्हणून. आणि B धन का? तर निळा जास्त वाकतो म्हणून! दर बॅचला हे गोल गोल उत्तर द्यायचा मला कंटाळा आला.

इलेक्ट्रॉनच्या मॉडेलमध्ये उत्तर छेदातच बसलेलं आहे. कडुलिंबाला बांधलेल्या झुल्याला त्याच्या स्वतःच्या लयीपेक्षा सावकाश झोके देत राहा. लय जुळत जाईल तसा, तेवढ्याच जोरात, झुला जास्त लांब जातो. काचेतल्या इलेक्ट्रॉनची नैसर्गिक वारंवारिता ω₀ अतिनील भागात, दृश्य प्रकाशाच्या बरीच वर आहे. लालपेक्षा निळा तिच्या जास्त जवळ, म्हणून ω₀² − ω² लहान, इलेक्ट्रॉनचं डोलणं मोठं, ध्रुवीकरण जास्त आणि n मोठा. वरच्याच दोन आकड्यांवरून ω₀ ची तरंगलांबी सुमारे 98 नॅनोमीटर निघते. मग (98/656)² होतात 0.022 आणि (98/486)² होतात 0.041. म्हणजे निळ्या प्रकाशात इलेक्ट्रॉन लालपेक्षा जेमतेम दोन टक्के जास्त डोलतो. तेवढ्यावर 60 अंशांच्या प्रिझममध्ये दोन रंगांच्या किमान विचलनात सुमारे 43 मिनिटांचा फरक पडतो, आणि तो व्हर्नियरवर आरामात वाचता येतो.

या मॉडेललाही मर्यादा आहेत. ω₀ जवळ सूत्र अनंताकडे पळतं. तिथे अवमंदनाचं पद घालावं लागतं, आणि काच तिथे प्रकाश शोषूनच घेते. दुसरं म्हणजे 98 हा कामचलाऊ, सरासरी आकडा. याच काचेच्या सेलमायर सूत्रात अतिनील भागात 77 आणि 141 नॅनोमीटरच्या आसपास दोन दोलक धरलेले असतात. अवरक्तात तर दोन्ही सूत्रं उघडी पडतात: 2325 नॅनोमीटरला बीके-7 चा n 1.489 आहे, आणि आपली दोन्ही 1.505 च्या आसपास अडकून बसतात. पण इथे इलेक्ट्रॉनवाला निदान सांगू शकतो की काय राहिलं. काचेतले अणूही बंधांवर कंपतात, सुमारे 10 मायक्रोमीटरला. त्यांचा आणखी एक दोलक जोडा, आकडा खाली येतो. कोशीत पदं वाढवता येतात, पण वाढवलेलं पद कशाचं हे विचारायची सोय नाही.

फक्त रेकॉर्ड बुक पूर्ण करायचं असेल तर कोशी घ्या, माझी हरकत नाही. पण कपाटात फ्लिंटचा प्रिझम पडलेला असेल तर तोही काढा म्हणतो. एफ-2 या फ्लिंट काचेचे आकडे (1.61503 आणि 1.63208) घातले तर, λ मायक्रोमीटरमध्ये धरून, कोशीचा B 0.0042 वरून 0.0089 होतो; दुपटीहून जास्त, पण कशामुळे ते कळत नाही. इलेक्ट्रॉनचं मॉडेल दोन गोष्टी वेगळ्या करून देतं: दोलकाचं बळ, म्हणजे Ne²/ε₀mω₀², 1.26 वरून 1.55 झालं, आणि त्याची जागा 98 वरून 129 नॅनोमीटरला, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या जवळ सरकली.