इसवी सन १३९८ चा शोधनिबंध: सात महिने झोटेरो वापरल्यावर

पहिल्याच दिवशी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने जी संदर्भसूची काढून दिली, तिच्यात एक लेख १३९८ साली प्रसिद्ध झालेला होता. विषय होता यझ्द शहरातल्या घरांचं संगणकावर केलेलं तापमान-अनुकरण. चूक झोटेरोची नव्हती, माझी होती. फारसी संदर्भ जसाच्या तसा भरला, आकडा तोच ठेवला, आणि यंत्राला काय कळणार की हे इराणी सौर वर्ष आहे.

मी फारसी शिकले ती मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं वाचण्यासाठी. सात महिन्यांपूर्वी वास्तुकलेत संशोधन करणाऱ्या एका इराणी ओळखीच्याने विचारलं, की माझा निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकाला पाठवायचाय, मजकुराचं इंग्रजी मी केलंय, फक्त शीर्षक, कीवर्ड आणि संदर्भ तेवढे बघाल का? ‘तेवढे’ हा शब्द मी तेव्हा मनावर घेतला नाही. त्यानंतर त्याच्या दोन मित्रांचे निबंधही आले. तिन्ही कामं झोटेरो आणि सोबत एक साधा तक्ता यांवर केली. हा त्याचाच अनुभव आहे. उदाहरण पहिल्या निबंधाचं घेते, ओळख पटू नये इतपत बदलून.

या निबंधात ४६ संदर्भ होते, त्यांपैकी २९ फारसी. मी सरळ भाषांतराला बसले आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या. कारण त्या २९ पैकी १७ लेखांना त्यांचं स्वतःचं इंग्रजी शीर्षक आधीच होतं. इराणमधली बहुतेक विद्यापीठीय नियतकालिकं फारसी लेखासोबत इंग्रजी शीर्षक, सारांश आणि लेखकांची रोमन लिपीतली नावं छापतात. मग त्या लेखाचं इंग्रजी नाव ठरवणारे आपण कोण? शीर्षकाचं व्याकरण लंगडं असलं तरी तेच द्यायचं. आपण सुधारून दिलं तर वाचकाला तो लेख सापडत नाही आणि मूळ लेखकाच्या खात्यात तो संदर्भ जमाही होत नाही. मासिकांच्या नावांचंही तसंच. ‘बाग़-ए-नज़र’ हे वास्तुकलेतलं नावाजलेलं नियतकालिक इंग्रजीतही त्याच नावाने ओळखलं जातं. मी मात्र पहिल्या खर्ड्यात त्याचं ‘दृष्टीची बाग’ अशा अर्थाचं सुंदर भाषांतर करून ठेवलं होतं. ‘समत’ या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेचं नाव हे आद्याक्षरांचं आहे, त्याचं ‘दिशा प्रकाशन’ करायचं नसतं.

इथे झोटेरोचा खरा उपयोग झाला. लेखाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, असेल तर तो टाकला की नोंद आपोआप भरते. मात्र ती कधी फारसीत येते, कधी इंग्रजीत, आणि वर्षही तपासावं लागतं. म्हणून माझा नियम असा झाला, की आधी मासिकाचं इंग्रजी पान उघडायचं, मग नोंद त्याच्याशी ताडून पाहायची. फारसी नावाने शोधताना काही सापडलं नाही तर लेख नाहीच असं समजू नका. फारसीतला ‘य’ आणि अरबीतला ‘य’ शब्दाच्या मध्ये दिसायला सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे असतात. `U+06CC` हा फारसी, `U+064A` हा अरबी. ‘क’चंही तेच. जुन्या कळफलकावर टंकलेल्या यादीतले शब्द मी चिकटवून शोधायचे आणि शून्य निकाल यायचे. तेच शब्द हाताने टंकले की लेख समोर.

आता ते १३९८. आपल्याला शके ठाऊक आहेत, म्हणून हे समजायला सोपं जातं. शकाला ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवावे लागतात. इराणी सौर वर्ष नवरोझला, म्हणजे २१ मार्चच्या आसपास सुरू होतं. तिथे आकडे ६२१ आणि ६२२ असे आहेत. म्हणजे १३९८ हे वर्ष मार्च २०१९ ते मार्च २०२०. गोंधळ होतो तो हिवाळी अंकांचा. ‘ज़मस्तान १३९८’ असं लिहिलेलं असेल तर तो अंक २२ डिसेंबरच्या आसपास सुरू होऊन मार्चमध्ये संपतो. डोळे मिटून ६२१ मिळवले तर २०१९ येतं, आणि अंक बहुतांशी २०२० मधला असतो. मी दोन्ही आकडे तक्त्यात ठेवते आणि मासिकाच्या इंग्रजी पानावर जे छापलंय तेच संदर्भात घेते.

याहून फसवी दोन वर्षं भेटली. एक जुनं शिळाछापाचं पुस्तक होतं, १३१२ सालचं. शेजारी बारीक ‘क़ाफ’ अक्षर, म्हणजे चांद्र हिजरी. ते १८९४-९५ होतं. ‘शीन’ असतं तर सौर ठरून १९३३-३४ झालं असतं. एका अक्षराने ३९ वर्षांचा फरक. आणि एका प्रबंधावर २५३६! मला वाटलं टंकनदोष. पण शाहच्या काळात, १९७६ पासून, दोनेक वर्षं राजशाही कालगणना चालवली होती. तिच्यातून ११८० वजा केले की नेहमीचं सौर वर्ष मिळतं. म्हणजे हा प्रबंध १३५६ चा, १९७७-७८ मधला.

उरलेल्या बारापैकी पाच संदर्भ ही सगळ्यात मोठी सुरुंगपेरणी होती. ती परदेशी पुस्तकांची फारसी भाषांतरं. यादीत लेखक ‘लीन्च, केविन’ आणि पुस्तक ‘सीमा-ये शहर’. लिपी बदलून, शब्दांचं भाषांतर करून ‘शहराचा चेहरा’ अशा अर्थाचं एक नवंच पुस्तक मी जन्माला घालणार होते. ते मुळात हे आहे:

```
Lynch, K. (1960). The image of the city. MIT Press.
```

असं पुस्तक ओळखण्याची खूण म्हणजे यादीत पुढे ‘तर्जुमे’ आणि आणखी एक नाव असतं. हे दुसरं नाव भाषांतरकाराचं. काही याद्यांत तेच चुकून लेखकाच्या जागी बसलेलं असतं. आणि फारसीत लिहिलेलं परकं नाव अक्षरावरून परत रोमनमध्ये आणता येत नाही. ‘लूफ़ेव्र’ की ‘लोफ़ूर’, कसंही वाचलं तरी त्यातून Lefebvre हे स्पेलिंग कुणाला सुचणार? मग प्रश्न येतो, की मूळ पुस्तक द्यायचं की भाषांतर? नुसती कल्पना घेतली असेल तर मूळ द्यावं. पण पृष्ठक्रमांकासकट अवतरण असेल तर लेखकाने जे वाचलं ते फारसी भाषांतर आहे, आणि ती पानं मूळ पुस्तकाशी जुळणार नाहीत. तेव्हा भाषांतराचीच नोंद करायची आणि झोटेरोच्या `Extra` रकान्यात मूळ वर्ष टाकायचं:

```
original-date: 1960
```

एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीत ते वर्ष योग्य जागी उमटतं. शेवटची सात मात्र खरोखर भाषांतराची: पुस्तकं आणि प्रबंध, ज्यांना इंग्रजी नाव कुठेच नव्हतं. तिथे फारसी शीर्षक रोमन लिपीत, आणि चौकटी कंसात इंग्रजी अर्थ. एपीएला असंच लागतं. झोटेरोत दोन्ही शीर्षकांसाठी मी वेगळी सोय शोधत बसले नाही. कंसासकट सगळं शीर्षकाच्याच रकान्यात भरलं आणि भाषेच्या रकान्यात `fa` लिहिलं. ओबडधोबड आहे, आणि शैली बदलली की कंस हाताने काढावे लागतात. दुसऱ्या नियतकालिकाला लिप्यंतर नकोच होतं, फक्त इंग्रजी आणि शेवटी ‘फारसीत’ अशी सूचना. मी पुन्हा सात नोंदी उघडल्या. पाचपैकी साडेतीन तारे देते ते यामुळेच.

शीर्षकाकडे मी सगळ्यात शेवटी आले. मूळ फारसी शीर्षक मराठीत असं होईल: ‘यझ्दच्या पारंपरिक घरांच्या उष्मासुखातील मध्यवर्ती अंगणाच्या भूमिकेचा अभ्यास’. हे ‘च्या-च्या’ फारसीत ‘-ए’च्या साखळीने लीलया पेलतं, इंग्रजीत मात्र ‘ऑफ’ची आगगाडी होते. सुरुवातीचा ‘बर्रसी’, म्हणजे ‘अभ्यास’, फारसी निबंधांत इतका ठरलेला की इंग्रजीत तो गाळला तरी काही हरवत नाही. ‘नक़्श’ म्हणजे भूमिका. इथे मी लेखकाला विचारलं, की तुम्ही नेमकं मोजलं काय?

“अंगणाची लांबी-रुंदी आणि उन्हाळ्यातलं तापमान, खानुम.”

“आणि घरं कुठल्या काळातली?”

“सगळी काजारी राजवटीतली.”

ही दोन्ही माहिती शीर्षकात नव्हती, आणि परदेशी वाचक नेमकी तीच शोधणार होता. शेवटी हे ठरलं:

```
Courtyard proportions and summer thermal comfort
in Qajar-era houses of Yazd, Iran
```

बारा शब्द. असा बदल लेखकाच्या संमतीशिवाय करू नये, कारण हे नुसतं भाषांतर राहत नाही. त्याआधी विचारायचा प्रश्न मी उशिरा विचारला: हा निबंध फारसीत आधी छापला गेलाय का? छापला असेल तर दोन्ही संपादकांना कळवावं लागतं, नाहीतर तो दुबार प्रकाशनाचा प्रकार होतो. सुदैवाने नव्हता.

कीवर्डमध्ये मराठी कानच आडवे येतात. फारसी ‘मकान’ म्हणजे जागा, घर नव्हे. ‘हिस्स-ए-मकान’ हे ‘सेन्स ऑफ प्लेस’. ‘हयात’ ऐकून आपल्याला हयातभर आठवतं, पण अंगणाचा हयात वेगळ्या ‘त’ने लिहितात. ‘मेमारी-ये बूमी’ला लेखकाने ‘नेटिव्ह आर्किटेक्चर’ दिलं होतं. शब्दकोशात चुकीचं नाही, पण या क्षेत्रात सगळे ‘व्हर्नाक्युलर’ म्हणतात. मी त्या नियतकालिकाच्या शोधपेटीत दोन्ही शब्द टाकले. पहिल्याला जेमतेम काही लेख, दुसऱ्याला पानंच्या पानं. तेव्हापासून प्रत्येक कीवर्ड असाच तपासते. शब्दकोश दुय्यम. शीर्षकात आलेले शब्दही मी कीवर्डमध्ये परत घेत नाही, त्याऐवजी ‘हॉट-अ‍ॅरिड क्लायमेट’सारखे शीर्षकात न मावलेले घेते.

नावांनी शेवटपर्यंत छळलं. ‘सय्यद’ आडनाव नसतं, ते पहिल्या नावासोबत राहतं. जोड-आडनाव कुठे संपतं ते फारसी यादीतला उलटा स्वल्पविराम सांगतो. झोटेरोत नाव आणि आडनाव वेगळे रकाने असल्याने हा निर्णय टाळता येत नाही, आणि तेच बरं. पण ‘रेझाई’ हे एकच आडनाव रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहितात. माझ्या ओळखीच्यांच्या आडनावाचीही तीच कथा, त्यांच्या दोन जुन्या लेखांत दोन स्पेलिंगं. कुठलं ठेवू म्हणून विचारलं, तर त्यांनी पासपोर्ट काढून पाहिला. त्यावर तिसरंच होतं. शेवटी ORCID या संशोधकांच्या ओळखनोंदणीवर ज्या स्पेलिंगखाली त्यांचे जुने लेख जोडलेले होते, ते घेतलं.