सीआर २०३२ सेलवर चालणारा सेन्सर: काही महिन्यांच्या वापरानंतर आयुष्याचा हिशेब कितपत खरा ठरला

तापमान आणि आर्द्रता मोजून दर मिनिटाला रेडिओवरून पाठवणारा छोटा सेन्सर गेले काही महिने नाणेसेलवर चालवतोय. सेल लावण्याआधी आयुष्याचा अंदाज कागदावर काढला होता. हा हिशेब उपयोगाचा आहे, पण त्यात घालायचे आकडे कुठून घेता यावर सगळं अवलंबून आहे.

सूत्र एवढंच:

```
I_avg = I_sleep + I_active * t_active / T
तास = C / I_avg
```

माझ्या सेन्सरची जाग ३० मिलिसेकंदांची, त्या काळातला सरासरी प्रवाह ५ मिलिअँपिअर. ६० सेकंदांवर पसरला की तो भरतो फक्त २.५ मायक्रोअँपिअर. डेटाशीटप्रमाणे झोपेतला प्रवाह ३ मायक्रोअँपिअर. बेरीज ५.५. सेलची क्षमता साधारण २२५ एमएएच, म्हणजे जवळपास ४१ हजार तास, साडेचार वर्षांहून थोडं जास्त.

इथेच एक गोष्ट दिसते. दर मिनिटाऐवजी दर पाच मिनिटांनी पाठवलं तर जागेचा वाटा २.५ वरून ०.५ वर येतो, पण झोपेचे ३ तसेच राहतात. त्यापुढे अंतर कितीही वाढवलं तरी फारसं हाती लागत नाही. म्हणून झोपेचा आकडा डेटाशीटमधून न उचलता प्रत्यक्ष बोर्डावर मोजायला हवा.

मल्टिमीटर नुसता मायक्रोअँपिअर रेंजवर लावून हे जमत नाही. त्या रेंजमध्ये मीटरचा स्वतःचा रोध शंभर ओहमच्या आसपास असू शकतो. सेन्सर जागा होऊन ५ मिलिअँपिअर ओढायला लागला की अर्धा व्होल्ट मीटरमध्येच पडतो आणि चिप रिसेट होते. मी सेलच्या मालिकेत १ किलोओहमचा रोध लावतो आणि त्याला समांतर एक तार जोडून तो शॉर्ट करून ठेवतो. सेन्सर झोपला की तार काढायची, रोधावरचे मिलिव्होल्ट वाचायचे, आणि पुढची जाग यायच्या आत तार परत लावायची. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर.

वाचन आलं जवळपास १० मिलिव्होल्ट. तयार बोर्डावर सेलचा व्होल्टेज मोजण्यासाठी २२० किलोओहमचे दोन रोध सेलच्या दोन टोकांमध्ये कायमचे जोडलेले होते. ३ व्होल्टला ४४० किलोओहम, म्हणजे ६.८ मायक्रोअँपिअर रात्रंदिवस चालू. सेल किती उरला हे सांगणारी ही जोडीच सेन्सरच्या बाकी सगळ्या खर्चापेक्षा जास्त खात होती, आणि तशीच ठेवली असती तर आयुष्य दोन वर्षांवर आलं असतं. ते रोध काढून टाकले. चिप आपला पुरवठा व्होल्टेज आतल्या एडीसीने वाचू शकते, तेवढं पुरतं.

आता क्षमतेकडे. २२५ एमएएच हा आकडा अगदी मंद, सलग प्रवाहाचा असतो आणि सेल २ व्होल्टपर्यंत उतरेल असं धरून दिलेला असतो. रेडिओ मात्र पाठवताना क्षणभर ९ मिलिअँपिअर ओढतो. सेलचा अंतर्गत रोध नवा असताना १५ ओहम धरला तर व्होल्टेज ०.१३ ने खचतो, त्याचं काही वाटत नाही. सेल संपत आला की हाच रोध शंभर ओहमपर्यंत जाऊ शकतो आणि थंडीत आणखी वाढतो. मग ०.९ व्होल्टचा खड्डा पडतो. आत चार्ज शिल्लक असूनही चिप ब्राउन-आउट होऊन रिसेट होते. पहाटेच्या गारव्यात रिसेट आणि दुपारी सगळं सुरळीत, असं दिसायला लागलं की समजायचं सेल शेवटाला आलाय.

नुसता मोकळा व्होल्टेज यातलं काही सांगत नाही. लिथियम-मँगनीज सेलचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतो. त्यामुळे मी रेडिओ चालू असतानाच एडीसी वाचन घेतो आणि ते तापमानासोबत पाठवतो. मोकळा आणि भाराखालचा, या दोन व्होल्टेजमधलं अंतर महिन्यागणिक कसं वाढतंय यावर माझं लक्ष असतं.

हे सगळं धरून मी आता क्षमता १८० एमएएच धरतो आणि स्वविसर्जनापोटी, म्हणजे वर्षाला साधारण १ टक्क्यासाठी, प्रवाहात पाव मायक्रोअँपिअर मिळवतो. अंदाज येतो साडेतीन वर्षांचा, आणि त्यावर माझा जास्त भरवसा आहे.

एक गोष्ट मात्र सूत्रात कुठेच बसत नाही. समोरचा रिसीव्हर बंद असेल तर सेन्सर पोच मिळेपर्यंत पुन्हापुन्हा पाठवत राहतो. जाग ३० वरून ३०० मिलिसेकंदांवर गेली की जागेचा वाटा २.५ ऐवजी २५ मायक्रोअँपिअर होतो आणि हेच सुरू राहिलं तर सेल नऊ महिन्यांत संपेल. म्हणून फर्मवेअरमध्ये एकच पुनर्प्रयत्न ठेवलाय. तोही फसला तर ते वाचन सोडून सेन्सर झोपतो.