जोडीच्या डिफरेन्शियल इक्वेशन्स: एलिमिनेशन करावं की आयगेन व्हॅल्यू काढाव्यात?

परीक्षेत हे गणित पडलं की कोणत्या पद्धतीने सोडवायचं, हा प्रश्न येतोच. एकच उदाहरण दोन्ही पद्धतींनी करून बघू.

```
x' = x + 2y
y' = 3x + 2y
```

आधी एलिमिनेशन. पहिल्या समीकरणातून `y = (x' - x)/2`. हे दुसऱ्यात घातलं की `x'' - 3x' - 4x = 0` उरतं. मुळं 4 आणि -1, म्हणून `x = a e^(4t) + b e^(-t)`. इथवर सगळं बारावीच्या बीजगणितासारखं सरळ आहे. घोटाळा होतो तो यानंतर. बरेच जण `y` साठीही तसंच समीकरण मांडतात आणि त्याला दोन नवे स्थिरांक देतात. एकूण चार होतात, पण पहिल्या ऑर्डरच्या दोन समीकरणांना स्थिरांक दोनच असतात. म्हणून `y` नव्याने सोडवायचाच नाही, वरच्या सूत्रात `x` घालून काढायचा: `y = (3a/2) e^(4t) - b e^(-t)`.

आता मॅट्रिक्स. तिच्या ओळी (1, 2) आणि (3, 2). कॅरेक्टरिस्टिक समीकरण `λ² - 3λ - 4 = 0`, म्हणजे पुन्हा 4 आणि -1. दोघांची बेरीज 3 (कर्णावरच्या 1 आणि 2 ची बेरीज), गुणाकार -4 (डिटर्मिनंट). ही पडताळणी दहा सेकंदांची आहे, ती चुकवू नका. `λ = 4` घातल्यावर पहिली ओळ `-3x + 2y = 0` होते, तेव्हा व्हेक्टर (2, 3). घाईत तो (3, 2) लिहिला जातो. मॅट्रिक्सने (2, 3) ला गुणा: (8, 12) येतं, बरोबर चौपट. (3, 2) ला गुणलं तर (7, 13) येतं, ते कशाचीच पट नाही. `λ = -1` साठी व्हेक्टर (1, -1). व्हेक्टर शून्यच येत असेल तर `λ` चुकलंय असं समजा.

```
x = 2c1 e^(4t) + c2 e^(-t)
y = 3c1 e^(4t) - c2 e^(-t)
```

`a = 2c1`, `b = c2` धरा, दोन्ही उत्तरं एकच. पण इथे जादा स्थिरांकांना जागाच नाही, कारण प्रत्येक `c` अख्ख्या व्हेक्टरला लागतो. सुरुवातीला `x = 4`, `y = 1` असेल तर `c1 = 1`, `c2 = 2`. शिवाय पुढे काय होणार तेही दिसतं: `e^(-t)` विरतो आणि `y/x` हळूहळू 3/2 कडे जातं. फक्त `c1 = 0` असेल तरच सोल्यूशन (1, -1) च्या रेषेवरून शून्याकडे येतं.

दोनच समीकरणं असतील आणि प्रश्नात फक्त `x` मागितला असेल, तर मी एलिमिनेशनच करेन. व्हेक्टरचा खटाटोप वाचतो. तीन समीकरणं असली की मात्र एलिमिनेशनमध्ये तिसऱ्या ऑर्डरपर्यंत डेरिव्हेटिव्ह घेत बसावं लागतं आणि एक चिन्ह चुकलं की सगळं पान वाया. तिथे आयगेन व्हॅल्यूच घ्या. तिन्ही वास्तव आणि वेगवेगळ्या असतील तर तीन स्वतंत्र व्हेक्टर मिळतातच, वेगळं सिद्ध करावं लागत नाही. एखादी व्हॅल्यू पुन्हा आली तर ही हमी राहत नाही.