प्रोसेसिंग फी: कापून घेणारे आणि आधी मागणारे

समजा, ऐरोलीत राहणाऱ्या एखाद्याला तीन लाखांचं पर्सनल लोन हवंय. वाशीच्या बँकेत चौकशी केली तर दोन टक्के प्रोसेसिंग फी सांगितली: ६,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,०८०, एकूण ७,०८०. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर सँक्शन लेटर येतं: कर्ज मंजूर, फक्त २,४९९ रुपये फाइल चार्ज भरा, तासाभरात पैसे खात्यात. आकड्यावर गेलात तर दुसरं स्वस्त वाटेल, आणि गोची तिथेच आहे. फी किती, यापेक्षा ती कुठून जाते हे पाहा.

बँकेचे ७,०८० रुपये सहसा कर्जातूनच कापले जातात. खात्यात २,९२,९२० जमा होतात, हप्ता मात्र तीन लाखांवर बसतो. खिशातून आधी काही जात नाही. व्हॉट्सॲपवाल्याला पैसे यूपीआयने हवेत, आणि क्यूआर स्कॅन केल्यावर नाव कंपनीचं नाही, कुणा व्यक्तीचं दिसतं. ज्याच्याकडे तुम्हाला द्यायला तीन लाख आहेत, त्याला त्यातून अडीच हजार का कापता येत नाहीत, हे विचारून बघा. उत्तर ठरलेलं असतं: ‘आरबीआयचा नियम आहे सर.’ असा नियम नाही.

उलट नियम असा, की किरकोळ कर्ज देण्याआधी बँकेने किंवा एनबीएफसीने, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपनीने, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना ते सक्तीचं आहे. व्याज, फी, विमा, सगळं धरून वार्षिक खर्चाचा दर त्यात असतो. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. शिक्क्यांनी भरलेलं सँक्शन लेटर कुणीही बनवतं. त्यापेक्षा हा कागद मागा.

विम्याचंही तसंच. बँकेतही तो गळ्यात मारायचा प्रयत्न होतो, पण विम्याचा हप्ता त्या कागदात दिसतो, पॉलिसी विमा कंपनीच्या नावाने येते आणि नको म्हणता येतं. इकडे २,४९९ भरले की ८,७०० चा ‘रिफंडेबल’ विमा निघतो. मग खाते क्रमांक चुकला, रक्कम होल्डवर गेली, सोडवायला आणखी पंधरा हजार. आधीचे बुडतील या भीतीनेच पुढचे भरले जातात.

एक अपवाद: होम लोनला काही ठिकाणी अर्ज दाखल करायची लॉगिन फी आधी घेतात. पण ती संस्थेच्याच खात्यात जाते, पावती मिळते.

पैसे गेले असतील तर पुढचा रुपया न भरता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, यूटीआर म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा, मग cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पॅन-आधारही पाठवलं असेल तर काही आठवड्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून आपल्या नावावर दुसरंच कर्ज निघालंय का, तेही तपासा.